'तत्त्वतः मान्य' साहेबांना कसं सांगायचं?

पेंडवाली, लातूर: आमची तेलगिरणी आहे. सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, नामक्कलच्या एका पोल्ट्रीवाल्याला जाते. पावसाळ्यात गेलेला 25 टनांचा ट्रक ओलाव्यावर अडकला. करारात 12 टक्के, त्यांच्या लॅबमध्ये निघाला 12.8. त्यावर इंग्रजी मेलींची ही भली मोठी साखळी झालीय. साहेबांना अर्ध्या पानाचं मराठी टिपण हवंय, मग उत्तराचा मसुदा. मी अडलेय ते या वाक्यावर: 'वी आर ॲग्रीएबल इन प्रिन्सिपल टू रिलीज द बॅलन्स, सब्जेक्ट टू अ जॉइंट री-टेस्ट.' मी लिहिलं, 'उरलेली रक्कम देण्यास तत्त्वतः मान्यता.' साहेब म्हणाले, "पैसे येणार का नाही तेवढं सांग."

गोदाकाठ: 2017 च्या जूनमध्ये 'निकषांसह सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य' झाली, तेव्हाच त्या शब्दाची वाट लागली. आमच्याकडं तर सोयरिकीच्या बैठकीत 'पोरगी तत्त्वतः पसंत' म्हणायलेत लोक.

निवृत्त अव्वल कारकून: थट्टा सोडा. शासनात आधी तत्त्वतः मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, अशी रीतच आहे. शब्द बिनचूक आहे, फक्त अट राहिली. असं लिहा: 'संयुक्त फेरचाचणीच्या अधीन राहून उर्वरित रक्कम अदा करण्यास तत्त्वतः मान्यता.'

वाळूजकर: काका, शब्द बरोबर, पण ते वाक्य साहेबांसाठी नाही. वाचणारा शेवटच्या 'मान्यता'वर खूश होतो आणि 'अधीन राहून' डोळ्याखालून निसटतं. रोज हेच काम करतो म्हणून सांगतो, अट आधी उघडी पाडा: 'फेरचाचणी होईपर्यंत पैसे देणार नाहीत. माल बसला तर देऊ म्हणतात.' दोन वाक्यं झाली तर होऊ द्या.

आणि ताई, साखळी खालून वर वाचा, पण सगळ्यात वरचा मेल म्हणजे शेवटचा निर्णय असं धरू नका. कुणीतरी जुन्याच मेलला उत्तर देतं आणि साखळीला फांदी फुटते. त्या फांदीत कोण सीसीत आहे, कोण गळलंय, तेही बघा.

शुद्धलेखनप्रेमी: 'मेलींची' कसं? मेल पुल्लिंगी. 'मेलांची' हवं.

गोदाकाठ: आमच्याकडं मेल येते. येतो तो पाऊस.

पेंडवाली, लातूर: फांदी सापडली! खरेदीवाल्यानं ते वाक्य सोमवारी लिहिलं. बुधवारी त्यांच्या हिशेब विभागानं त्याच्याही आधीच्या मेलला उत्तर देऊन डेबिट नोट पाठवलीय. जादा ओलावा 0.8 टक्के, म्हणजे 25 टनांवर 200 किलोचे पैसे कापले. खरेदीवाला त्यात सीसीतच नाही. आणि आमच्या प्लँट मॅनेजरनं खाली नुसतं 'नोटेड' लिहून दिलंय. याचं काय करू? 'नोंद घेतली'?

निवृत्त अव्वल कारकून: 'नोंद घेतली' योग्यच. नोंद म्हणजे संमती नव्हे.

वाळूजकर: आपल्या लेखी नव्हे. पण समोरचा हिशेबनीस तो होकार धरून खातं मिटवतो, हे मी पाहिलंय. म्हणून टिपणात भाषांतर नको, परिस्थिती लिहा: 'कपातीला आपण होकार दिलेला नाही, पण नकारही कळवलेला नाही.' साहेबांनी ठरवायचं ते हेच आहे: 200 किलो सोडायचे की फेरचाचणीपर्यंत अडवून धरायचे.

मसुदा करताना मात्र मराठी टिपणावरून परत इंग्रजी करू नका. 'मान्य'चं 'ॲक्सेप्टेड' होतं आणि त्यांनी दिलं नाही ते वचन आपण त्यांच्या तोंडी घालतो. त्यांचंच 'सब्जेक्ट टू जॉइंट री-टेस्ट' जसंच्या तसं उचला, मेलची तारीख घाला, खरेदी आणि हिशेब दोघांनाही एकाच उत्तरात घ्या. 200 किलो सोडायचे नसतील तर पुढचंच वाक्य, की फेरचाचणीचा निकाल येईपर्यंत डेबिट नोट आम्हाला मंजूर नाही. नमुना सीलबंद आहे का तेही विचारा. उघड्या पोत्यातला नमुना पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढतो, मग फेरचाचणीत 12.8 चे 13 निघाले तर भांडायला जागा उरत नाही.

पेंडवाली, लातूर: टिपणात 'ते' आणि 'आपण' लिहिताना अजून एक दिसलं. एका मेलमध्ये 'वी विल बेअर द टेस्टिंग चार्जेस' आहे, आणि तो मेल आमच्या दलालानं पाठवलाय. 'वी' म्हणजे तो का आम्ही?

वाळूजकर: दलालाला फोन करा. टिपणात 'खर्च कोणाचा ते स्पष्ट नाही' एवढंच.

नळदुर्गचा नातू: मुळात टिपण, गोषवारा कशाला, 'खुलासा' म्हणा की! आजोबा निजामाच्या तहसिलीत होते. उर्दूत खुलासा म्हणजे सारच. तेव्हा वरचा अंमलदार 'मिसलीचा खुलासा आणा' म्हणायचा.

निवृत्त अव्वल कारकून: आमच्या कचेरीत खुलासा मागवला की माणसाचं जेवण जात नसे. गोषवाराच बरा.

नळदुर्गचा नातू: गोषवारा तरी कुठला मराठी? तोही फारसीच. मूळ अर्थ कानातला दागिना.

शुद्धलेखनप्रेमी: मग 'संक्षेप' का नको?

पेंडवाली, लातूर: साहेबांनी 200 किलो सोडायला नकार दिलाय. मसुदा लिहायला बसतेय. 'डेबिट नोट मंजूर नाही' हे दलालाला दुखावल्याशिवाय कसं लिहू, कुणी सांगेल का?

गोदाकाठ: कानातल्यात डूल वेगळं, गोषवारा वेगळा ना?