मदत हवी आहे: डेडलिफ्टमध्ये श्वास नेमका कधी सोडायचा? ९५ किलोला कंबर वाकते

परळचा_पक्या: दीड वर्षापासून परळच्या एका जिममध्ये जातो. डेडलिफ्टचे ८० किलोचे पाच रेप्स सरळ पाठीने निघतात. ९५ लावले की बार जमिनीवरून दोन-तीन इंच सुटतो आणि तिथेच कंबर गोल होते. ट्रेनर सांगतो, 'जोर लावताना श्वास सोड.' मी तसंच करतो. काल मित्राने बाजूने व्हिडिओ काढला. त्यात बार हलायच्या आधीच माझी छाती आणि पोट खाली बसलेलं दिसतं. दुखत नाही, पण दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभं राहिलं की कंबर आखडते. श्वासामुळे होतंय की ताकदच कमी आहे?

योगसाधक_६२: श्वास सोडून पोट पाठीकडे ओढून घ्या. उड्डियान बंधात कंबरेला किती आधार वाटतो बघा. पोट सैल ठेवून वजन उचललं तर कंबर जाणारच.

माधुरी_फिजिओ: काका, पोट सैल नको हे अगदी बरोबर. पण ओढून घेतल्याने या कामात उलट होतं.

पक्या, हवा पोटात जात नाही, फुप्फुसातच जाते. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं आणि पोटातल्या अवयवांवर दाब येतो. ते जवळपास पाण्यासारखे असतात, दाबून लहान होत नाहीत. समोरून आणि बाजूंनी पोटाचे स्नायू आवळलेले असतील आणि खालून ओटीपोटाचा तळ घट्ट असेल, तर तो दाब कुठे निसटत नाही आणि धड कडक होतं. हातगाडीचा टायर आठव. हवा कमी असेल तर माल चढवल्यावर गाडी डुलते, आणि हवा पुरेशी असून रबर विरलेलं असेल तरी तेच. हवा आणि रबर, दोन्ही लागतात. तू बार सुटायच्या क्षणीच हवा सोडतोस. ८० ला पाठीचे स्नायू तेवढ्यावर निभावून नेतात, ९५ ला नाही.

आज रिकाम्या बारवर करून बघ. दोन्ही हातांची बोटं कंबरेच्या बाजूला, बरगडी आणि खुब्याच्या हाडामधल्या मऊ जागेत रोव. नाकाने श्वास घे, पण गळ्यापर्यंत भरू नकोस, पाऊण पुरे. आता कुणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून आवळ. बोटं बाहेर ढकलली गेली पाहिजेत. फक्त छाती आणि खांदे वर गेले तर चुकलं. मग बार उचल, तो गुडघ्यांच्या वर गेल्यावर श्वास हळू सोड किंवा वर पूर्ण उभा राहून सोड. बार खाली टेकला की प्रत्येक रेपला नव्याने भर.

सावंत_ठाणे: माझ्या वडिलांना बीपी आहे, भरलेला गॅस सिलिंडर ते एकटेच उचलतात. त्यांनीही श्वास रोखायचा का?

माधुरी_फिजिओ: नको. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब काही सेकंद फार चढतो आणि सोडल्यावर एकदम उतरतो, म्हणून चक्कर येते. बीपी, हर्निया, डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. भरलेला सिलिंडर साधारण ३० किलो असतो. त्यांनी तो उचलूच नये, तिरका करून तळाच्या कडेवर फिरवत न्यावा. हलक्या वजनाला श्वास सोडत उचललं तरी चालतं. पक्याच्या ट्रेनरचा सल्ला तिथलाच आहे.

लिफ्टर_डोंबिवली: मला एक पटत नाही. पोटातला दाब मणक्यांना आतून वर उचलून चकत्यांवरचा भार कमी करतो, असं आम्हाला शिकवलं होतं. बार्टेलिंकने १९५७ मध्ये मांडलेलं ना हे?

माधुरी_फिजिओ: हो, पण पोटाचे स्नायू आवळले की ते स्वतःच मणक्यांना दाबतात. त्यामुळे शेवटी चकतीवरचा भार किती उतरतो, यावर अजून वाद आहे. धड कडक होतं आणि मणका डुलत नाही, याबद्दल फारसा वाद नाही. पक्याला तेच हवंय.

जिमवाला_लालबाग: सरळ बेल्ट बांध भाऊ.

लिफ्टर_डोंबिवली: बेल्टचा उपयोग आहे, पण पोट त्याच्यावर ढकललं तरच. नुसता करकचून बांधला तर श्वासच खाली जात नाही. आधी बेल्टशिवाय जमू दे.

परळचा_पक्या: आठवड्याने आलो. ८५ ला बोटांची चाचणी करून उचललं, व्हिडिओत पाठ सरळ आहे. काल ९५ लावले. पहिले दोन रेप्स स्वच्छ निघाले, तिसऱ्याला पुन्हा गोल. नीट बघितलं तर दुसऱ्यानंतर बार टेकताच मी घाईत उचललाय, श्वास भरलाच नाही. पण कुल्लेही आधी वर जाताना दिसतात. मग हे फक्त श्वासाचं आहे का?

माधुरी_फिजिओ: कुल्ले आधी वर जाणं वेगळं असू शकतं, पाय कमी पडत असतील. ९५ चे एक-एक रेप कर, मध्ये बार पूर्ण टेकवून दोन सेकंद थांब. तसं करूनही कुल्ले आधी गेले तर बाजूने काढलेला व्हिडिओ इथे टाक.