मदत हवी आहे: शाळागीताची चाल शंभर लेकरांना एका सुरात झेपंना

औंढ्याकडचा मास्तर
नमस्कार मंडळी. हिंगोली जिल्ह्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट शंभराच्या आसपास. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर शाळेचं स्वतःचं गीत म्हणायचं ठरलंय. शब्द गावातल्याच एका निवृत्त गुरुजींनी लिहून दिलेत, चाल मी पेटीवर बसवलीय आणि माझ्या काळी १ मध्ये गायला छान वाटते. पण परिपाठाला सगळ्यांना घेऊन म्हणलं की मुखडा नुसता गुणगुणल्यासारखा येतो, आणि अंतऱ्याला लेकरं ओरडायलेत, त्यात मागच्या रांगा दोन शब्द मागं. चार-पाच पोरी एकट्या म्हणतात तेव्हा हेच गाणं गोड लागतं. ऐकताना उभारी वाटली पाहिजे अशी चाल हवीय. काय बदलू? मुखडा मंद्र पंचमावरून उठतो आणि अंतरा तार गंधारापर्यंत जातो. पहिली ओळ अशी: "ज्ञानरूपी प्रकाशाच्या दिशेने वाटचाल करू".

बँडवाला परभणी
सर आपल्याकडं पूर्ण सेट आहे, साईड ड्रम, बिगुल, ड्रेस पण मिळतील, १७ तारखेसाठी आत्ताच बुकिंग करा नंतर मिळणार नाही.

औंढ्याकडचा मास्तर
दादा बँड नको, लेकरांनीच गायचंय.

सूरसंगत
सोपं आहे सर, पट्टी चुकलीय. काळी १ ही पुरुषांची पट्टी. लहान मुलं लेडीज पट्टीत गातात, काळी ४ घ्या, लगेच फरक पडेल. आमच्या भजनी मंडळात बायकांना तीच देतो.

पेटीमास्तर नांदेड
सूरसंगत, निदान अर्धं बरोबर आहे तुमचं. काळी ४ घेतली की मुखडा वर येईल, खालचं गुणगुणणं थांबेल, पण मग तार गंधार कुठं जाईल ते पेटीवर दाबून बघा, शंभर काय एकही लेकरू तिथं पोचायचं नाही. आणि काळी १ ला दोन्ही टोकं लेकरांच्या गळ्याबाहेर पडतात, खालचा मंद्र पंचमही आणि वरचा गंधारही. म्हणजे कुठलीही पट्टी घ्या, मंद्र पंचम ते तार गंधार एवढा पल्ला असलेली चाल समूहाला बसतच नाही. चार पोरी निवडक गळ्याच्या असतात, त्यांना जमलं म्हणून पहिलीतल्या पोराला जमेल असं नाही.

सर, चाल सा पासून तार सा पर्यंतच ठेवा, त्यातही मुखडा सा ते ध मध्ये, आणि तार सा अंतऱ्यात एकदाच, तो पण पायरीपायरीनं चढून. एकदम उडी मारायला लावली की निम्मी लेकरं खालीच राहतात. मग पांढरी १ किंवा २ घ्या. तुमच्या गळ्याला काय सोयीचं ते बघू नका, सर्वात खालचा आणि सर्वात वरचा सूर लेकरांना कुठं येतो त्यावरून सा ठरवा.

राग भूपाची पाच सुरं घ्या असं मी सांगीन. म आणि नि नाहीत म्हणजे जवळजवळचे सूर नाहीत, लेकरू थोडं इकडंतिकडं झालं तरी बेसूर कमी वाटतं, आणि सा रे ग प असं चढलं की आपोआप उभारी येते, त्यासाठी वरच्या पट्टीत ओरडायची गरज नाही.

अजून एक, शिकवताना तुम्ही खर्जात म्हणता आणि लहान पोरं तुमचा तोच सूर धरायला जाऊन घसा दाबतात. सहावी-सातवीच्या पोरीला पुढं उभी करून तिच्या तोंडून ओळ द्या.

लातूरकर ताई
पट्टीचं मला कळत नाही पण आमच्या लेकीच्या शाळेचं गीत सात कडव्यांचं होतं, उन्हात उभं राहून पोरं बेजार, शेवटी पालकांनीच बोलून दोन कडव्यांवर आणलं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत होतं, त्याच्या दुप्पट म्हणजे खूप झालं असं मला वाटतं. तुमचं किती लांब आहे सर?

औंढ्याकडचा मास्तर
पाच कडवी आहेत ताई. पेटीमास्तर, तुमचं पटलं, पण ती पहिली ओळ भूपात बसवायला घेतली तरी मध्येच दम तुटायला.

पेटीमास्तर नांदेड
तुटणारच. मात्रा मोजा: अठ्ठावीस होतात आणि मध्ये श्वासाला जागाच नाही. एका मिनिटाला दोनशे मात्रा धरल्या तरी आठ-साडेआठ सेकंद एका दमात, पहिली-दुसरीचं लेकरू मध्येच कुठंतरी श्वास घेणार आणि प्रत्येक जण वेगळ्या जागी घेणार. तुमच्या मागच्या रांगा मागं पडतात त्याचं एक कारण हेच.

गुरुजींचाच अर्थ ठेवून नमुना देतो, शब्द तुम्ही बदला: "चला उजेडाच्या गावा, नदीकाठची ही शाळा". प्रत्येक ओळ चौदा मात्रांची, केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा, उरलेल्या दोन श्वासाला. 'च' समेच्या आधीच्या मात्रेवर आणि 'ला' समेवर, म्हणजे जोर लांब अक्षरावर पडतो.

च सा, ला ग, उ रे, जे ग, डा प, च्या प, गा ध, वा प
न प, दी ध, का प, ठ ग, ची रे, ही ग, शा रे, ळा सा

पहिली ओळ वर जाते, दुसरी घरी येते. पेटी बंद ठेवून लेकरांना दोन्ही ओळी म्हणायला लावा, शेवटच्या 'ळा'ला पेटीचा सा दाबा. सूर एखादी पट्टी खाली घसरला असेल तर अजून उंच आहे, पांढरी १ ला या.

जालन्याचा साउंडवाला
मागच्या रांगांचं अजून एक कारण सांगू का, स्पीकर कुठं लावलाय? पन्नास मीटरवर आवाज पोचायला ०.१५ सेकंद लागतात, तुमच्या दोनशेच्या लयीत ती अर्धी मात्रा झाली. लेकरं स्पीकर ऐकून गायली की तेवढी मागं पडणार. वर्गवार लांब रांगा करू नका, पाच-सहा रांगांचा अर्धगोल करा, ढोलकी मध्ये ठेवा, स्पीकर पाहुण्यांकडं तोंड करून. ट्रॅक वाजवायचा विचार असंल तर सोडून द्या.

सूरसंगत
ट्रॅकमुळं लय तरी पक्की राहते की. आमच्याकडं चालतो.

जालन्याचा साउंडवाला
हॉलमध्ये चालतो. मैदानावर पुढची आणि मागची लेकरं वेगवेगळ्या वेळी ऐकतात.

बीडचा हायस्कूलवाला
माझा प्रश्न वेगळाय, आमच्याकडं नववी-दहावीची पोरं, आवाज फुटायलेत, हे सा ते तार सा त्यांना जमंल का?

पेटीमास्तर नांदेड
ज्यांचा फुटून स्थिरावलाय ते खालच्या सप्तकात तीच चाल म्हणतील, काही अडचण नाही. मधल्या अवस्थेतल्यांचं मात्र अवघड, त्यांना पाच-सहा सुरांपुरतंच येतं आणि तेही दर दोन महिन्याला सरकतं. त्यांना फक्त मुखडा द्यावा असं मला वाटतं, पण खात्रीचा उपाय माझ्याकडं नाही.

औंढ्याकडचा मास्तर
आज सातवीच्या पोरीकडून पांढरी २ मध्ये दोन ओळी देऊन बघितल्या, दुसरीची लेकरंसुद्धा ओरडली नाहीत, पण 'गावा'चा ध अजून अर्ध्यांना लागंना, उद्या पांढरी १ ला बघतो. कडवी दोनच ठेवायची हे हेडमास्तरांनी मान्य केलंय.

अडचण आता गुरुजींची. त्यांनी मनापासून लिहिलंय, त्यांची ओळ बदलली म्हणून त्यांना वाईट वाटायला नको. कुणी असं प्रकरण हाताळलंय का?

लातूरकर ताई
त्यांनाच बोलवा सर परिपाठाला. दोन्ही ओळी लेकरांकडून म्हणून घ्या आणि मात्रा कमी करायचं काम त्यांच्याच हातात द्या. नाव तर त्यांचंच राहणार आहे.

सूरसंगत
आणि मूळ कविता फलकावर लिहून लावा.

औंढ्याकडचा मास्तर
ताई, हे बरं सुचवलंत. सोमवारी बोलावतो त्यांना, पण आधी पांढरी १ चं बघू द्या.