मदत हवी आहे: मागच्या तारखेचं बिल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणू?

लोअर परळला माझा छोटा छापखाना आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाचा माल ६ एप्रिलला गेला, बिलही त्याच तारखेचं. आता त्यांचे अकाउंटंट म्हणतात, "३१ मार्चचं करून द्या, खर्च गेल्या वर्षात दाखवायचाय."

मार्चचं जीएसटीआर-१ भरून झालंय, बिलांचे नंबर ओळीने पुढे गेलेत, चलनावरही ६ एप्रिलच आहे. शिवाय माल निघाला एप्रिलमध्ये, मग मार्चचं बिल म्हणजे सरळ खोटंच! काम मार्चमध्ये पुरं झालं असतं, तर त्यांना स्वतःच्या वहीत तरतूद करता आली असती. इथे तेही नाही.

मी लिहिलंय: "साहेब, बिलाची तारीख बदलता येणार नाही. चलनाची प्रत लगेच पाठवतो." फार तुटक वाटतंय का? माणूस दुखवायचा नाहीये. तुम्ही कसं लिहिता?