वाढदिवसाचं बजेट माणशी काढावं का?

मेघना: मुलाचा पाचवा वाढदिवस, पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये. २५ मुलं, २० मोठी माणसं. वीस हजारांत बसवायचंय. माणशी किती धरू?

श्रीकांत: ४५० धरा, विषय संपला. हॉल, केक, फुगे सगळं त्यात. जास्त वाटलं तर दहाजण कमी करा, साडेचार हजार वाचतील.

अनघा: नाही वाचणार. हॉल ३,०००, डेकोरेशन ४,००० आणि अडीच किलोचा केक, ९०० रुपये किलोने २,२५०. हे ९,२५० कितीही माणसं आली तरी जाणारच. माणसांवर हलतात फक्त दोन गोष्टी: खाण्याची प्लेट १५० ची, म्हणजे ४५ जणांचे ६,७५०, आणि रिटर्न गिफ्ट १२० चं, तेही फक्त मुलांना, ३,०००. एकूण १९,०००. आता पाच मुलं नि पाच मोठी कमी केली तर वाचतात २,१०० च. केटररने किमान ४० प्लेटा ठरवून घेतल्या असतील, तर १,३५० वर समाधान मानायचं.

श्रीकांत: मान्य, पण केक कमी करता येतो की. माणसांवर हलतोच ना तो?

अनघा: हलतो, पण अर्ध्या किलोच्या टप्प्याने. किलोत बऱ्यापैकी मोठे १२ ते १५ तुकडे होतात. सोबत पावभाजी असली की मोठे लोक अर्धाच तुकडा घेतात, म्हणून ४५ जणांना अडीच किलो पुरतो. मात्र फाँडंटचा घेतलात तर सावध. वरचा साखरेचा थर मुलं काढून ठेवतात आणि वजनाचे पैसे त्याचेही लागतात.

रोहिणी: आम्ही प्ले एरियात करतोय, ६०० रुपये मुलामागे. यात तर माणशीच बरं ना?

अनघा: तिथे हो. फक्त सोबतच्या पालकांची प्लेट वेगळी लावतात का आणि शनिवार-रविवारचा दर काय, हे आधी लिहून घ्या. मेघनाच्या हॉलला हा हिशेब लागू नाही.

मेघना: मग कात्री कुठे लावू?

अनघा: डेकोरेशनला. अख्खा हॉल सजवू नका, फक्त केकच्या टेबलामागची भिंत. फोटो तिथलेच निघतात. फुगे त्याच दिवशी फुगवायचे आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब लावायचे, नाहीतर केक कापायच्या आत अर्धे फुटलेले असतात. गिफ्टं मात्र तीन-चार जास्त आणा, पाठची भावंडं न सांगता येतात.

श्रीकांत: मोठ्यांना पूर्ण प्लेट कशाला? पाच वाजताचा कार्यक्रम, चहा-वेफर्सवर भागतं.

अनघा: पुण्यात चालेल हो, पण साडेसातपर्यंत लांबला तर तेच लोक मुलांच्या प्लेटा उचलतात.

श्रीकांत: मग सातला आवरा.