मदत हवी आहे: वेड्यावाकड्या चौकोनी प्लॉटचं क्षेत्रफळ, चार बाजू आणि एक कर्ण मोजलाय

रानवाट
नमस्कार मंडळी. संगमनेरजवळ एक छोटा प्लॉट बघतोय. चारही बाजू वेगवेगळ्या आहेत. कोपऱ्यांना अ, ब, क, ड म्हटलं तर अब ५८ फूट, बक ८२, कड ४९ आणि डअ ७५. मेव्हण्याला घेऊन अक हा कर्णही मोजला, तो ११० फूट आला. एकही कोपरा काटकोनात नाही.
दलाल समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतो. ५३.५ गुणिले ७८.५, म्हणजे ४२०० चौरस फूट, "पावणेचार गुंठ्यांच्या वरच". व्यवहार गुंठ्यावर आहे. हा हिशोब बरोबर आहे का?

गणितवेडा
सरासरी नको. चारही बाजू माहीत आहेत ना, मग ब्रह्मगुप्ताचं सूत्र लावा. बाजूंच्या बेरजेची निम्मी १३२. त्यातून एकेक बाजू वजा केली की ७४, ५०, ८३, ५७. या चौघांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्या, ४१८४ येतं. म्हणजे दलाल जवळपास बरोबरच आहे. कर्ण मोजायची गरजच नव्हती.

टेपवाले आबा
गणितवेडा, ते सूत्र चारही कोपरे एकाच वर्तुळावर बसत असतील तरच चालतं. चार बांबू टोकांना सैल बांधून चौकट केली की ती हवी तशी दबते, बाजू त्याच राहतात आणि आतली जागा कमी होते. ४१८४ ही या चार बाजूंत मावणारी जास्तीत जास्त जागा झाली. भास्कराचार्यांनी लीलावतीत यावरच बोट ठेवलंय: कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटलंय, आणि सांगणाऱ्याला त्याहून मोठा पिशाच!

रानवाट, कर्ण मोजलात हे उत्तम. आता त्या कर्णाने दोन त्रिकोण पाडा.
पहिला ५८, ८२, ११०. बेरजेची निम्मी १२५. त्यातून बाजू वजा केल्या की ६७, ४३, १५. १२५ × ६७ × ४३ × १५ चं वर्गमूळ २३२४.
दुसरा ७५, ४९, ११०. निम्मी ११७, उरले ४२, ६८, ७. त्याच रीतीने १५२९.
एकूण ३८५३ चौरस फूट. १०८९ ने भागा, ३.५४ गुंठे. दलालाचे ३.८६ होतात. सरासरीची रीत आयत सोडून प्रत्येक चौकोनाला जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. विकणाऱ्यांना ती का आवडते ते कळलं असेल.

मुग्धा_क
आमच्या जागेचा एक कोपरा आत दबलेला आहे. तिथे कर्ण मोजला तर तो शेजाऱ्याच्या हद्दीतून जातो. मग दोन त्रिकोणांची बेरीज कशी करायची?

टेपवाले आबा
मुग्धाताई, दबलेल्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण घ्या, तो आपल्याच जागेतून जातो आणि बेरीजच करायची असते. दुसरा कर्ण घेतलात तर मोठ्या त्रिकोणातून लहान वजा करावा लागेल.

शिवार_७२
एवढा खटाटोप कशाला? भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका, नकाशा हातात येईल.

रानवाट
अर्ज टाकणारच आहे, पण बयाणा द्यायच्या आधी अंदाज हवा होता. आबा, ३८५३ वर किती भरवसा ठेवू?

टेपवाले आबा
तुमचा दुसरा त्रिकोण फार चपटा आहे. ४९ आणि ७५ मिळून १२४, आणि कर्ण ११०. अशा त्रिकोणात कर्णाची थोडी चूकही महागात पडते. ११० ऐवजी १११ धरा, एकूण ३८०३ येतं. एका फुटाला पन्नास चौरस फूट गेले. टेप झोळली किंवा उतारावर जमिनीला टेकवून धरली तर तेवढा फरक सहज पडतो.
बड हा दुसरा कर्णही मोजा. तुमच्या मापांनुसार तो ७६ फूट २ इंचांच्या आसपास यायला हवा. त्याने पडणारे त्रिकोण भरीव आहेत, तिथे फूटभर चुकलं तरी तीसेक चौरस फुटांचाच फरक पडेल.

रानवाट
मोजला. ७६ फूट ८ इंच आला. पण ड च्या दगडापाशी काटेरी झुडपं आहेत, टेप सरळ ताणता आली नाही.

गणितवेडा
त्या मापाने साधारण ३८६९ येतं. फरक पंधरा चौरस फुटांचा, सोडून द्या.

टेपवाले आबा
क्षेत्रफळापुरता सोडा. पण वाकलेली टेप नेहमी जास्तच दाखवते. सहा इंच सगळे झुडपांमुळे आले की ड चा दगडच सरकलाय, हे इथे बसून सांगता येणार नाही. झुडपं तोडून कड आणि बड पुन्हा ताणा. आणि शेजाऱ्याला समोर उभं करा.