कॅड परीक्षा आणि मुलाखत – ग्रुपवर झालेली चर्चा

मुक्ता: नमस्कार सगळ्यांना. पुढच्या महिन्यात सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरची सीएसडब्ल्यूए परीक्षा देतेय. सराव पेपरात एक गोष्ट सारखी होतेय. पार्टच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर येतं आणि त्याच पार्टची मापं बदलून विचारलेला पुढचा प्रश्न चुकतो. असेंब्लीत तर निम्मी उत्तरं चुकतात. कुणी दिली आहे का ही परीक्षा?

प्राचीताई: मी दिली आहे. मी दिली तेव्हा 3 तास होते, 14 प्रश्न, 240 पैकी 165 गुण मिळाले की पास. त्यातले 120 गुण फक्त असेंब्लीच्या 4 प्रश्नांना होते, म्हणजे तिथे चुकून चालत नाही. तुझी तक्रार नेमकी आहे, कारण परीक्षा तेच तपासते. मॉडेल दिसायला बरोबर असणं वेगळं आणि माप बदलल्यावरही बरोबर राहणं वेगळं. आता लॅपटॉप आहे का समोर?

मुक्ता: हो ताई.

प्राचीताई: एक प्लेट काढ. लांबी 100, रुंदी 60, जाडी 10, सगळं मिलिमीटरमध्ये. डावा खालचा कोपरा ओरिजिनवर. बरोबर मधोमध 20 व्यासाचं आरपार होल. मटेरियलची घनता 2700 किलो प्रति घनमीटर. वजन किती येतं?

मुक्ता: 153.52 ग्रॅम.

प्राचीताई: बरोबर. होल मध्यभागी कसं आणलंस?

मुक्ता: डाव्या कडेपासून 50 आणि खालच्या कडेपासून 30 असं डायमेन्शन दिलं. स्केच पूर्ण काळं झालं, खाली Fully Defined पण आलं.

प्राचीताई: आता लांबी 160 कर. वजन आणि सेंटर ऑफ मासचा X, दोन्ही सांग.

मुक्ता: वजन 250.72. X 81.01. अरे, होल 50 वरच राहिलं! मध्य तर आता 80 ला आहे.

प्राचीताई: हेच बघायचं होतं. होल सरकलं तरी तेवढंच मटेरियल जातं, म्हणून वजन अगदी बरोबर आलं. X मात्र 80.00 यायला हवा होता. नुसतं वजन विचारलं असतं तर चूक कळलीही नसती. आणि तेच होल एखाद्या रिबला किंवा दुसऱ्या कटला जाऊन भिडलं की मग वजनही बिघडतं, तेव्हा तू भलतीकडेच चूक शोधत बसतेस.

काळं स्केच एवढंच सांगतं की प्रत्येक रेषेची जागा ठरलेली आहे. ती योग्य कारणाने ठरली आहे की नाही, ते सांगत नाही. ड्रॉइंगमध्ये 50 लिहिलेलं असेल तर 50 द्यायचं. होल मध्यभागी आहे असं दिसत असेल तर आकडा द्यायचा नाही, रिलेशन द्यायचं. आयताच्या कर्णावर कन्स्ट्रक्शन लाइन काढ आणि होलच्या केंद्राला तिचा Midpoint दे.

मुक्ता: दिलं. 80.00 आलं!

प्राचीताई: आता प्रत्येक सरावाच्या पार्टला उत्तर लिहिण्याआधी एखादं माप मुद्दाम बरंच वाढवून बघ. काय हललं, काय हलायला नको होतं, ते बघून पूर्वीचं माप परत आण. अर्धा मिनिट जातो, पण तो खर्च करण्यासारखा आहे.

रोहन: मला नोकरीच्या मुलाखतीत अगदी हेच विचारलं. "फुली डिफाइन्ड स्केच चुकीचं असू शकतं का?" मी ठामपणे "नाही" म्हणालो आणि पुढची 10 मिनिटं त्यावरच गेली. मुक्ता, तुझ्या प्लेटचं उदाहरण जसंच्या तसं सांग तिथे.

मुक्ता: दादा, लिहून ठेवलं. ताई, असेंब्लीत मग काय चुकत असेल? पार्ट तर त्यांनीच दिलेले असतात. मी फक्त मेट लावते.

प्राचीताई: पहिला पार्ट कसा आणतेस?

मुक्ता: Insert Components करून, स्क्रीनवर मध्यभागी क्लिक करते.

प्राचीताई: तिथेच घोळ आहे. पहिला पार्ट जिथे क्लिक करशील तिथे फिक्स होतो, डावीकडच्या पार्टच्या झाडात त्याच्यापुढे (f) दिसतो. तू कुठेतरी क्लिक केलंस, म्हणजे अख्खी असेंब्ली ओरिजिनपासून तेवढी दूर. वजन बरोबर, मेट बरोबर, आणि X, Y, Z तिन्ही चूक. पुन्हा तीच गोष्ट बघ, वजनावरून कळत नाही. क्लिक करायचंच नाही, हिरव्या टिकवर दाबायचं. पार्टचा ओरिजिन असेंब्लीच्या ओरिजिनवर बसतो.

आधीच चुकीच्या जागी आणला असेल तर राइट क्लिक करून Float कर आणि ओरिजिनला ओरिजिन मेट लाव, Align axes वर टिक ठेवून. शिवाय प्रश्नातल्या चित्रात अक्षांचे बाण कोणत्या कोपऱ्यावर दाखवलेत ते नीट बघ. ते वेगळ्या जागी असतील तर तिथे Coordinate System तयार करायची आणि Mass Properties मध्ये Report coordinate values relative to च्या समोर तीच निवडायची.

रोहन: मुलाखतीत असेंब्लीवर मला बोल्टचा प्रश्न होता. होलमध्ये बोल्ट बसवला, किती डिग्री ऑफ फ्रीडम उरले? सुट्या पार्टला 6. Concentric लावलं की 4 जातात, अक्षावर सरकणं आणि अक्षाभोवती फिरणं उरतं. डोक्याखालची बाजू प्लेटला Coincident केली की सरकणंही जातं. उरतं 1, ते बोल्टला राहिलं तरी चालतं. झाडात त्याच्यापुढे (-) दिसत राहतो, घाबरायचं नाही.

दुसरा प्रश्न जास्त आवडला. दोन प्लेटमध्ये दोन-दोन होल, पहिलं Concentric लागतं आणि दुसऱ्याला एरर येतो, का? एका प्लेटवर होलांमधलं अंतर 40 आणि दुसरीवर 40.2 होतं. मेट पुन्हा पुन्हा लावून उपयोग नाही. दुसरं मेट सप्रेस करायचं आणि दोन्ही पार्टवर अंतर मोजायचं.

देसाई काका: मी आयुष्यभर ड्राफ्ट्समन होतो, बोर्डवर. मुक्ता, ड्रॉइंगचं मी सांगतो. कागद हातात आला की आधी टायटल ब्लॉकमधलं प्रोजेक्शनचं चिन्ह बघ. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं आणि उजवीकडून दिसणारं डाव्या हाताला. थर्ड अँगलमध्ये उलट. चिन्ह न बघता काम सुरू केलं तर डावा ब्रॅकेट उजवा तयार होतो. आणि बघ, त्याचंही वजन तेवढंच भरतं.

प्राचीताई: काका, हे अगदी नेमकं सांगितलंत.

मुक्ता: काका, परीक्षेत विचारतात की ए दृश्यावरून बी दृश्य कसं केलं. Broken-out Section आणि Crop यात मी गोंधळते. दोन्हीत बंद आकारच काढायचा असतो ना?

देसाई काका: आकाराच्या आत काय दिसतंय ते बघ. तिरप्या रेषा मारलेल्या असतील, म्हणजे हॅचिंग असेल, तर तिथे धातू कापून आतलं दाखवलंय. तो ब्रोकन-आउट, त्याला किती खोल कापायचं तेही द्यावं लागतं. क्रॉपमध्ये काहीच कापत नाही, आकाराबाहेरचं दृश्य फक्त काढून टाकतात.

मुक्ता: कळलं. काका, उद्या संध्याकाळी एक-दोन ड्रॉइंग घेऊन आले तर चालेल? चिन्ह झाकून ठेवते, फर्स्ट की थर्ड ते दृश्यांवरून ओळखायचा प्रयत्न करते.

देसाई काका: ये. पेन्सिल आण, तिसरं दृश्य हाताने काढायला लावणार आहे.