बागेच्या व्हिडिओचं संगीत

ए-३०२: बागेचा व्हिडिओ तयार आहे, १ मिनिट ३६ सेकंदांचा. एआयने संगीत केलं, पण ते २ मिनिटं २४ सेकंदांचं आलं. शेवट कापला तर गाणं मध्येच थांबल्यासारखं वाटतं. आणि काकूंचं निवेदन बासरीत हरवतं. ऐका जरा.

बी-५०४: ऐकलं, ताई. प्रॉम्प्टमध्ये काय लिहिलं होतं?

ए-३०२: ‘हॅपी गार्डन म्युझिक विथ फ्लूट’.

बी-५०४: ‘हॅपी’ म्हटलं की बहुतेक वेळा टाळ्या आणि उड्या मारणारी चालच येते. वाद्यं आणि लय सांगा. बासरी बोलण्याच्याच पट्टीत वाजते आणि तीही एक चालच सांगत असते, त्यामुळे कान दोन्हींकडे ओढला जातो. ती काढूनच टाका. असं लिहा:

```
calm acoustic guitar, soft pads, 80 BPM, 4/4, no drums, instrumental
```

ए-३०२: ८०च का?

बी-५०४: हिशेब सोपा होतो. मिनिटाला ८० ठोके असले की चार ठोक्यांचा एक बार बरोबर ३ सेकंदांचा, म्हणजे तुमच्या ९६ सेकंदांत ३२ बार बसतात. मात्र टूल सांगितलेली लय पाळेलच असं नाही. ३० सेकंद ठोके मोजा, ४० भरले तर ठीक.

ए-३०२: नवीन केलं. ठोके ४० भरले! पण लांबी पुन्हा २:२४.

बी-५०४: चालेल. शेवट मुळीच कापू नका, मधला भाग काढा. पहिला ठोका शून्यावर आणा, ०:०० ते १:०० ठेवा आणि त्याला १:४८ पासूनचा शेवट जोडा. ६० आणि ३६ मिळून ९६. दोन्ही काप बारच्या सुरुवातीला पडतात, म्हणून ताल तुटत नाही. सांध्यावर अगदी छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला भाग विरत असतानाच दुसरा चढू द्या. तिथे सूर खटकला तर दोन्ही काप सारख्याच बारांनी पुढे-मागे सरकवा.

ए-३०२: जमलं! शेवटचा झंकार थेट शेवटच्या फोटोवर येतो 🙏

सी-१०१: छान झालंय. माझ्या ओळखीचे रोपवाटिकावाले हाच व्हिडिओ जाहिरातीत मागतायत. देऊ का?

बी-५०४: काका, थांबा. ताई, कोणत्या टूलवर केलं, आणि प्लॅन कोणता?

ए-३०२: सुनो, मोफतवाला.

बी-५०४: मग जाहिरातीत नाही चालणार. सुनोच्या मोफत प्लॅनवरचं संगीत व्यावसायिक कामाला वापरता येत नाही. आपल्या ग्रुपवर दाखवायला हरकत नाही.

सी-१०१: आता पैसे भरले तर?

बी-५०४: आधी केलेल्या गाण्याला तो हक्क मागाहून लागू होत नाही. प्लॅन घेऊन नवीन गाणं करावं लागेल. आणि त्या दिवशीचं अटींचं पान, पावती, प्रॉम्प्ट हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. अटी बदलतात, आणि यूट्यूबवर कुणी दावा केला तर तेच दाखवावं लागतं.

सी-१०१: मग त्यांना आज बिनसंगीताची प्रत पाठवतो. ताई, निवेदन वेगळ्या ट्रॅकवर आहे ना?

ए-३०२: हो काका, रात्री पाठवते.